जूनअखेरचा तिमाही रिपोर्ट एका दिवसाने का फुगतो? महिनाअखेरीतून महिने वजा करतानाची अडचण

तक्रार साधारण अशी येते. तीन महिन्यांचा रिपोर्ट आहे. शेवटची तारीख वापरणारा देतो आणि सुरुवातीची तारीख सिस्टिमने स्वतः काढायची असते. शेवटची तारीख ३० जून २०२५ दिली. एप्रिल, मे आणि जून यांचे वेगवेगळे रिपोर्ट काढून बेरीज केली तर एक आकडा येतो आणि तीन महिन्यांच्या एकत्र रिपोर्टमध्ये त्यापेक्षा थोडा मोठा आकडा दिसतो. मार्चअखेरचा रिपोर्ट बरोबर होता, डिसेंबरअखेरचाही बरोबर होता. कोडला तर मधल्या काळात कोणी हातही लावलेला नाही.

मग शोध सुरू होतो तो भलत्याच ठिकाणी. कोणी म्हणतं नोंदी दुबार पडल्या असतील, कोणी म्हणतं टाइमझोनचा घोळ असेल. ऑक्टोबरमध्ये सप्टेंबरअखेरचा रिपोर्ट बिनचूक जुळतो आणि विषय मिटतो. पुढच्या जुलैत तीच तक्रार पुन्हा उभी राहते. दर वर्षी ठरावीक महिन्यात उगवून आपोआप नाहीशी होणारी तफावत दिसली, की आधी सुरुवातीची तारीख छापून बघावी. इथे ती १ एप्रिल नसते, ३१ मार्च असते.

चूक नेमकी कुठे होते

सुरुवातीची तारीख काढण्याची सर्वात सहज सुचणारी रीत अशी: शेवटच्या तारखेतून तीन महिने वजा करा आणि एक दिवस मिळवा. ३१ मार्चमधून तीन महिने गेले की ३१ डिसेंबर, त्यात एक दिवस मिळवला की १ जानेवारी. ऐकायला अगदी बरोबर वाटतं आणि बहुतेक वेळा उत्तरही बरोबरच येतं.

आता ३० जून घ्या. तीन महिने मागे गेलं की ३० मार्च. एक दिवस मिळवला की ३१ मार्च. म्हणजे मार्चचा शेवटचा दिवस एप्रिल-जूनच्या रिपोर्टमध्ये शिरला. हा दिवस जानेवारी-मार्चच्या रिपोर्टमध्ये आधीच मोजलेला आहे, त्यामुळे चारही तिमाह्यांची बेरीज करून वर्षाचा आकडा काढला तर तो दोनदा धरला जातो. साध्या वर्षाचे ३६६ दिवस होतात, आणि तपासणारा घाईत असेल तर लीप वर्ष म्हणून सोडूनही देतो.

पोस्टग्रेसमध्ये हे असं दिसतं:

```sql
SELECT (DATE '2025-06-30' - INTERVAL '3 months')::date + 1;
-- 2025-03-31
```

इथे डेटाबेसचं काहीही चुकलेलं नाही. त्याला ३० तारखेतून तीन महिने वजा करायला सांगितलं, मार्चमध्ये ३० तारीख आहे, त्याने ती दिली. आपल्या मनात "जूनचा शेवटचा दिवस" होता, त्याच्यापर्यंत फक्त "३० तारीख" पोहोचली.

क्लॅम्पिंगचा नियम, आणि दोष त्याच्यावर का येतो

महिने सारख्या लांबीचे नसतात, म्हणून महिने वजा करणाऱ्या प्रत्येक फंक्शनला एक प्रश्न सोडवावा लागतो: जी तारीख हवी ती त्या महिन्यात नसेलच तर काय करायचं? ३१ मेमधून तीन महिने गेले तर ३१ फेब्रुवारी येते, आणि अशी तारीख नसते. बहुतेक साधनं अशा वेळी त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसावर थांबतात. २०२५ मध्ये २८ फेब्रुवारी, २०२४ मध्ये २९ फेब्रुवारी. यालाच क्लॅम्पिंग म्हणतात. एक्सेलचं `EDATE`, एसक्यूएल सर्व्हरचं `DATEADD`, मायएसक्यूएलचं `DATE_SUB`, पोस्टग्रेसचं इंटरव्हल, जावाच्या `LocalDate` मधलं `minusMonths` आणि पायथनमधलं `relativedelta`, सगळी याच नियमाने चालतात.

नियमाचा बारकावा असा, की तो गरज पडली तरच लागतो. दिवसाचा आकडा आधी जसाच्या तसा पुढे नेला जातो. तो त्या महिन्यात बसला तर फंक्शनचं काम संपलं. बसला नाही तरच तो खाली ओढून शेवटच्या दिवसावर आणला जातो. महिनाअखेर ओळखून महिनाअखेरीवर नेणं हे या नियमाचं काम नाही. आकडा वरून कापला जातो, वर कधीच ढकलला जात नाही.

या समस्येत लोक पहिला संशय क्लॅम्पिंगवर घेतात, कारण ऐकीव माहिती अशी की "महिनाअखेरीला क्लॅम्पिंगमुळे गोंधळ होतो". प्रत्यक्षात आपल्या उदाहरणात क्लॅम्पिंग झालेलंच नाही. ते जिथे होतं, तिथे उत्तर बरोबर येतं. ३१ मेमधून तीन महिने वजा केले, २८ फेब्रुवारीवर क्लॅम्प झालं, एक दिवस मिळवला, १ मार्च मिळाला. हवं होतं तेच. ३१ डिसेंबरमधून तीन महिने गेले, ३० सप्टेंबरवर क्लॅम्प झालं, मग १ ऑक्टोबर. हेही बरोबर. लांब महिन्याकडून आखूड महिन्याकडे जाताना क्लॅम्पिंग आपल्याला सांभाळून घेतं. आखूड महिन्याकडून लांब महिन्याकडे जाताना त्याला काही करायचंच नसतं, आणि तिथे आपण उघडे पडतो.

एवढं कळलं की जूनच का, हेही कळतं. चार तिमाह्या बघा. मार्चकडून डिसेंबरकडे जाताना ३१ वरून ३१. सप्टेंबरकडून जूनकडे ३० वरून ३०. डिसेंबरकडून सप्टेंबरकडे ३१ वरून ३०, म्हणजे क्लॅम्पिंग मदतीला हजर. फक्त जूनकडून मार्चकडे जाताना ३० वरून ३१ च्या महिन्यात जावं लागतं. चारातल्या तीन वेळा नशिबाने बरोबर येणारं सूत्र चाचणीत पकडलं जात नाही, यात नवल नाही. चाचणी लिहिणारा डिसेंबर किंवा मार्चच घेतो.

जादा दिवस की कमी दिवस?

दुरुस्तीकडे वळण्याआधी एक निदान करून घ्यावं, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या चुका असतात. तफावत कोणत्या दिशेला आहे ते पाहायचं. त्यासाठी खऱ्या आकड्यांच्या मागे लागू नये. दर दिवसाला एकच नोंद असलेला खोटा डेटा बनवावा आणि रिपोर्टमध्ये किती नोंदी येतात ते मोजावं. एप्रिल, मे, जून मिळून ३०, ३१ आणि ३०, म्हणजे ९१ यायला हवेत. चुकीच्या रीतीने ९२ येतात. २८ फेब्रुवारी २०२५ ला संपणारे तीन महिने घेतले तर ९० यायला हवेत, आणि इथेही ९२ येतात, कारण तीन महिने मागे २८ नोव्हेंबर, एक दिवस मिळवून २९ नोव्हेंबर. नोव्हेंबरचे दोन दिवस आत आले. फेब्रुवारीअखेरचा एकाच महिन्याचा रिपोर्ट तर २९ जानेवारीपासून सुरू होतो, तीन दिवस जादा घेऊन.

नोंदी जादा येत असतील तर आपण वर पाहिलेलीच चूक आहे. नोंदी कमी येत असतील तर आपलं साधन क्लॅम्पिंग करतच नाही, ते तारीख पुढच्या महिन्यात सांडू देतं. जावास्क्रिप्टचा जुना `Date`, पीएचपीतला `-1 month` आणि एसक्यूलाइटचं `date()` मूळ स्वभावाने असं वागतात. ३१ फेब्रुवारी म्हणजे २८ च्या पुढे तीन दिवस, म्हणून ३ मार्च.

```js
const d = new Date(2025, 4, 31);  // 31 मे; महिने 0 पासून
d.setMonth(d.getMonth() - 3);     // 3 मार्च 2025
```

यात एक दिवस मिळवला की ४ मार्च येतो, आणि मार्चचे पहिले तीन दिवस रिपोर्टमधून गायब. ३१ डिसेंबरमधून तीन महिने वजा केले तर ३१ सप्टेंबर म्हणून १ ऑक्टोबर, मग २ ऑक्टोबर. अशा साधनात ३० जूनची चूकही असतेच, कारण ३० मार्च ही तारीख खरीच आहे आणि तिथे सांडण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे काही महिन्यांत दिवस वाढतात, काही महिन्यांत घटतात. दोन्ही दिशांची तफावत दिसली तर साधन सांडणाऱ्या गटातलं आहे असं खुशाल समजावं.

एक्सेलमध्ये दोन्ही स्वभाव एकत्र नांदतात. `EDATE` क्लॅम्प करतं, पण `DATE(2025,2,31)` लिहिलं तर ते सांडून ३ मार्च देतं. जुन्या शीटमध्ये पुष्कळदा `DATE(YEAR(A2),MONTH(A2)-3,DAY(A2)+1)` असं सूत्र सापडतं. ते ३० जूनला ३१ मार्च देतं आणि ३१ मेला ४ मार्च देतं. म्हणजे एकाच सूत्रात दोन्ही चुका.

दुरुस्ती: आधी दिवस, मग महिने

उपाय एका ओळीचा आहे. पायऱ्यांचा क्रम उलटा करायचा. शेवटच्या तारखेत आधी एक दिवस मिळवा, मग महिने वजा करा.

३० जूनमध्ये एक दिवस मिळवला की १ जुलै. त्यातून तीन महिने गेले की १ एप्रिल. २८ फेब्रुवारी २०२५ मध्ये एक दिवस मिळवला की १ मार्च, तीन महिने मागे १ डिसेंबर. ३१ मेसाठी १ जून आणि मग १ मार्च. महिनाअखेर कोणतीही असो, एक दिवस पुढे गेलं की पुढच्या महिन्याची १ तारीख येते, आणि १ तारीख प्रत्येक महिन्यात असते. त्यामुळे क्लॅम्पिंगची वेळ येत नाही आणि सांडण्याचीही येत नाही. साधन कोणत्या गटातलं आहे, याची काळजीच उरत नाही. वरच्या जावास्क्रिप्टलाही १ जून दिला तर ते निमूटपणे १ मार्च देतं.

```sql
SELECT ((DATE '2025-06-30' + 1) - INTERVAL '3 months')::date;
-- 2025-04-01
```

एक्सेलमध्ये `=EDATE(A2+1,-3)`. जावामध्ये `end.plusDays(1).minusMonths(3)`. एक्सेलने तारखेऐवजी ४५७४८ असा आकडा दाखवला तर घाबरायचं कारण नाही. तो १ एप्रिल २०२५ चाच अनुक्रमांक आहे, सेलचं फॉरमॅट तारखेचं केलं की दिसतो.

आता जरा जपून राहायची जागा. काही लायब्ररींमध्ये दिवस आणि महिने एकाच वस्तूत भरता येतात, आणि तिथे आपण लिहिलेला क्रम मोजला जात नाही. पायथनमध्ये `end + relativedelta(days=1, months=-3)` लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की आधी दिवस, मग महिने. प्रत्यक्षात `relativedelta` नेहमी महिने आधी लावतं, क्लॅम्प करतं आणि दिवस मागाहून मिळवतं. उत्तर पुन्हा ३१ मार्च. पोस्टग्रेसमध्येही `INTERVAL '1 day -3 months'` असं एकच इंटरव्हल दिलं तर त्यातले महिने आधी लागतात. दुरुस्ती केली, कोड वाचायला बरोबर दिसतो, तरी तफावत तशीच, असं झालं तर बहुतेक वेळा हेच कारण निघतं. दोन पायऱ्या दोन वेगळ्या क्रिया म्हणून लिहायच्या:

```python
start = (end + timedelta(days=1)) - relativedelta(months=3)
```

एक्सेलवाले इथे हमखास विचारतात, की `=EOMONTH(A2,-3)+1` का नको? जरूर वापरा. `EOMONTH` तीन महिने मागच्या महिन्याची अखेर देतं, ३१ मार्च, आणि त्यात एक मिळवला की १ एप्रिल. महिनाअखेरीसाठी दोन्ही सूत्रं तंतोतंत एकच उत्तर देतात. फरक पडतो तो A2 मध्ये महिनाअखेर नसेल तेव्हा. १५ जून दिला तर `EDATE` वालं सूत्र १६ मार्च देतं, म्हणजे पूर्ण तीन महिन्यांची खिडकी. `EOMONTH` वालं १ एप्रिल देतं, म्हणजे एप्रिल, मे आणि अर्धा जून. रिपोर्ट कॅलेंडर महिन्यांचाच असेल आणि शेवटची तारीख चालू महिन्याच्या मध्यातली येऊ शकत असेल, तर दुसरं हवं. मला स्वतःला अशा रिपोर्टसाठी `EOMONTH` आवडतं, कारण ते वाचताच महिन्यांच्या हिशोबाचा हेतू कळतो. पण दोन्ही सूत्रं एकाच शीटमध्ये मिसळू नयेत. महिनाअखेरीला ती जुळतात आणि एरवी फारकत घेतात, मग शोधणाऱ्याचे हाल होतात.

बारा महिन्यांच्या खिडकीतला फेब्रुवारी

"बारा महिने म्हणजे वर्ष, तिथे काय चुकणार?" असं म्हणून वार्षिक रिपोर्ट तपासणीतून सुटतो. अकरा महिन्यांसाठी ते खरंही आहे, कारण महिना तोच असतो आणि लांबीही तीच. फेब्रुवारी अपवाद. २९ फेब्रुवारी २०२४ ला संपणारं वर्ष घ्या. जुन्या रीतीने बारा महिने मागे २८ फेब्रुवारी २०२३, क्लॅम्प होऊन. एक दिवस मिळवून १ मार्च २०२३. बरोबर. लीप वर्षाची चाचणी कोणी घेतलीच असेल तर ती इथे पास होते आणि सगळे निश्चिंत होतात.

चूक पुढच्या वर्षी निघते. २८ फेब्रुवारी २०२५ मधून बारा महिने मागे २८ फेब्रुवारी २०२४, आणि एक दिवस मिळवला की २९ फेब्रुवारी २०२४. खिडकीत ३६५ ऐवजी ३६६ दिवस. लीप वर्ष २०२४ होतं, पण चूक २०२५ च्या रिपोर्टमध्ये, आणि यानंतर ती २०२९ मध्ये दिसेल. लीप दिवसाची चाचणी लिहिताना २९ फेब्रुवारीसोबत त्याच्या पुढच्या वर्षाची २८ फेब्रुवारी घेतली नाही तर ती चाचणी अर्धीच आहे.

ओरॅकलमधून बाहेर पडताना

एक प्रसंग वेगळा सांगण्यासारखा आहे. सिस्टिम ओरॅकलवर होती, वर्षानुवर्षं जूनचा रिपोर्ट बरोबर होता, डेटाबेस बदलून पोस्टग्रेस केला आणि पहिल्याच जुलैत तफावत आली. सूत्र शब्दशः तेच ठेवलेलं असतं: तीन महिने वजा, एक दिवस अधिक.

ओरॅकलच्या `ADD_MONTHS` चा नियम दोन भागांचा आहे. तारीख त्या महिन्यात नसेल तर शेवटच्या दिवसावर आणायची, हे इतरांसारखंच. पण शिवाय, दिलेली तारीख तिच्या महिन्याचा शेवटचा दिवस असेल तर उत्तरही शेवटचाच दिवस द्यायचं. म्हणून `ADD_MONTHS(DATE '2025-06-30', -3)` हे ३० मार्च न देता ३१ मार्च देतं, आणि एक दिवस मिळवला की १ एप्रिल येतो. महिनाअखेरीच्या रिपोर्टसाठी हा नियम अगदी मापाचा आहे. त्याच्या आधारावर लिहिलेलं सूत्र दुसरीकडे नेलं की आधार निघून जातो. हलवण्याआधी `ADD_MONTHS` ची प्रत्येक जागा शोधून तिथे महिनाअखेर येऊ शकते का हे बघणं, एवढं काम टाळता येत नाही.

ओरॅकलच्या नियमाची दुसरी बाजूही आहे. २८ फेब्रुवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला की ते ३१ मार्च देतं. ज्याचा हप्ता दर महिन्याच्या २८ तारखेला आहे त्याच्या दृष्टीने हे चूक. शिवाय ओरॅकलमध्येच `ADD_MONTHS` ऐवजी इंटरव्हल वजा केलं तर तिसराच स्वभाव दिसतो: `DATE '2025-05-31' - INTERVAL '3' MONTH` हे ना क्लॅम्प करतं, ना सांडतं. सरळ `ORA-01839` ही एरर देऊन थांबतं. त्रासदायक आहे खरं, पण चुकीच्या तारखेने गुपचूप चालत राहण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

एकेक महिना मागे जाणारा लूप

मागच्या काही महिन्यांच्या तारखांची यादी बनवताना हीच अडचण वेगळ्या रूपात येते. ३१ मेपासून सुरू करून लूपमध्ये दर फेरीला एक महिना वजा केला तर ३० एप्रिल, ३० मार्च, २८ फेब्रुवारी, २८ जानेवारी अशी यादी मिळते. एकदा क्लॅम्पिंगने ३१ चे ३० झाले, की मूळ ३१ कुणालाच आठवत नाही. फेब्रुवारीत ते २८ वर येतात आणि तिथेच अडकतात. मूळ तारखेतून दर वेळी थेट एक, दोन, तीन, चार महिने वजा केले तर ३० एप्रिल, ३१ मार्च, २८ फेब्रुवारी, ३१ जानेवारी मिळतात.

यादी जसजशी मागे जाईल तसतसा दिवसाचा आकडा घसरत गेलेला आणि कधीच वर न चढलेला दिसला, की लूप मागच्या उत्तरावर चालतोय हे ओळखावं. नेहमी मूळ तारखेवरून मोजायचं. आणि ती मूळ तारीख ३० जूनसारखी आखूड महिन्याची अखेर असेल, तर तेवढ्याने भागत नाही, १ तारखेवरून मोजून शेवटी एक दिवस वजा करावा लागतो.

याच कारणाने "वजा केलेले महिने परत मिळवून बघू, तीच तारीख आली तर बरोबर" ही ताडून पाहायची रीतही फसवी आहे. २०२५ मध्ये २८, २९, ३० आणि ३१ मार्च या चारही तारखांमधून एक महिना वजा केला की २८ फेब्रुवारीच येते. परतीच्या वाटेवर त्यातली कोणती होती हे कळणार कसं?

हा उपाय कुठे पुरत नाही

आधी दिवस आणि मग महिने, ही रीत महिनाअखेरीसाठी पक्की आहे. रोज एक दिवस पुढे सरकणाऱ्या खिडकीसाठी नाही. शेवटची तारीख २७ मे ते ३० मे २०२५ यांपैकी कोणतीही असली, तर एक दिवस मिळवून २८ ते ३१ मे येतात, आणि तीन महिने मागे गेलं की चारही वेळा २८ फेब्रुवारी. खिडकीची सुरुवात चार दिवस जागची हलत नाही आणि लांबी रोज एकाने वाढत जाते. रोजचा आलेख काढला तर तिथे उगाच चढ दिसतो. ही चूक नव्हे, महिन्यांत मोजण्याचा तो परिणाम आहे. रोजची तुलना हवी असेल तर खिडकी दिवसांत ठरवावी, ९० किंवा ९१, आणि महिने हा शब्दच काढून टाकावा.

दुसरी मर्यादा तारखेच्याच पोटात आहे. ३० जून एवढ्यावरून ती "दर महिन्याची ३०" आहे की "महिनाअखेर", हे कोणतंही फंक्शन सांगू शकत नाही. ओरॅकल महिनाअखेर समजतं, बाकीचे ३० समजतात, दोघंही अंदाजच करतात. रिपोर्टच्या बाबतीत आपल्याला हेतू माहीत असतो म्हणून वरचा उपाय चालतो. हप्ते, मुदती, नूतनीकरण अशा ठिकाणी दोन्ही प्रकारची माणसं एकाच टेबलात असतात. तिथे तारखेशेजारी "महिनाअखेर" असा हो किंवा नाहीचा एक कॉलम ठेवावा लागतो, आणि हिशोब त्याच्याकडे बघून करावा लागतो.

तपासणी

कोणत्याही सूत्राला वर्षाच्या बाराही अखेरींवर चालवून बघायला मिनिटभरही लागत नाही. जुनी रीत चालवली तर:

```python
from datetime import date, timedelta
from dateutil.relativedelta import relativedelta as rd

one = timedelta(days=1)
for m in range(1, 13):
    end = date(2025, m, 1) + rd(months=1) - one
    start = end - rd(months=3) + one
    if start.day != 1:
        print(end, start)
```

चार ओळी छापल्या जातात: फेब्रुवारीअखेरीसाठी २९ नोव्हेंबर, एप्रिलअखेरीसाठी ३१ जानेवारी, जूनसाठी ३१ मार्च आणि नोव्हेंबरसाठी ३१ ऑगस्ट. `start` ची ओळ बदलून `(end + one) - rd(months=3)` केली की काहीच छापलं जात नाही. तीनच्या जागी एक, सहा आणि बारा घालूनही चालवावं, कारण कोणते महिने फसतात ते वजा केलेल्या महिन्यांवर अवलंबून असतं. एका महिन्यासाठी फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर असे पाच आखूड महिने फसतात, बारासाठी २०२५ मध्ये एकटा फेब्रुवारी.

दुरुस्त सुरुवातीच्या तारखेसोबत शेवटची अटही बदलून घेतली तर बरं. नोंदींना वेळ जोडलेली असेल तर `<= '2025-06-30'` ही अट ३० जून सुरू होतानाच्या मध्यरात्रीनंतरचं सगळं वगळते. आपण `end + 1` आधीच काढलं आहे, तेच वरच्या सीमेसाठी वापरायचं: सुरुवात `>= '2025-04-01'`, शेवट `< '2025-07-01'`. दोन्ही सीमा १ तारखेच्या झाल्या, आणि पुढची तिमाही नेमकी त्याच १ जुलैला सुरू होते.

जुने जूनअखेरचे रिपोर्ट दुरुस्त सूत्राने पुन्हा काढले तर त्यांचे आकडे बदलतील, आणि ते कोणाकडे तरी आधीच पोहोचलेले असतात. फरक किती आहे हे सांगायला पूर्ण रिपोर्ट पुन्हा चालवावा लागत नाही. त्या त्या वर्षाच्या ३१ मार्चच्या नोंदींची बेरीज काढली की तोच फरक.